डाव्या डोळ्याचं पाणी

चिमट्याने पकडलेलं साल ताणलं गेलं, बोटभर लांब झालं आणि सुटल्यावर टपकन आखडलं. माणसाची कातडी अशी वागत नाही. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ते दिव्यापाशी धरलं, दोन बोटांत चुरगाळून पाहिलं आणि खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, हे काय आहे?"

म्हाताऱ्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे बघायचं टाळलं. समोरच्या भिंतीवर हात धुण्याचं चित्र होतं, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "रबर आहे."

बायकोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. तिने ती उचललीसुद्धा नाही.

आता हे रबर नाकावर कसं आलं ते सांगायचं तर आधी हा माणूस सांगावा लागेल. याला सगळे गळतीमामा म्हणतात. खरं नाव पासबुकात असेल तेवढंच. सदुसष्टावं वर्ष चालू, आणि त्यातली चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर उन्हात गेलेली. छताला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, पंख्याच्या कडीतून थेंब पडायला लागला, की मामांना निरोप जायचा. मामा यायचे, चपला जिन्यात काढायचे आणि गच्चीवर चार पायांवर रांगत सुटायचे. केसाएवढी भेग त्यांना उभ्या उभ्या दिसायची. डोळाच तसा. एका गच्चीवर दोन इंजिनिअर दुर्बीण लावल्यासारखे तासभर हिंडत होते, मामांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता कपाशेजारीच भेग दाखवली होती. ही गोष्ट ते स्वतः दर आठवड्याला एकदा तरी सांगायचे.

जीभ मात्र तिखट. गिऱ्हाईक म्हणालं, मामा, जिथे भेग दिसतेय तिथे काहीतरी फासून द्या ना, की संपलं. मामांचा पारा चढायचा. म्हणायचे, फासायला मी काय पावडर लावायला आलोय? भेग वर केसाएवढी दिसते, खाली ओल हातभर पसरलेली असते. वरून बुजवलं की पाणी आत कोंडतं आणि निवांत सळया खात बसतं. मग हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायचे. जिथे बद्द वाजेल तिथे पोकळ. छिन्नी लावायची आणि टणक लागेपर्यंत फोडत जायचं, मालकाच्या छातीत कितीही धडधड होवो. मग भरायचं. आणि भरून झाल्यावर गच्चीवर घोटाभर पाणी तुंबवून दोन दिवस वाट बघायची. पाणी ठेवून बघितल्याशिवाय मामांनी कधी काम झालं असं म्हटलं नाही.

आणि हाच शहाणा चार वर्षं स्वतःचं नाक वरून फासत बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी, जिथे डोळा संपतो आणि नाक सुरू होतं तिथे, एक बारीकशी पुटकुळी आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. नेमकं तिच्यावरच चष्म्याचं टेकण बसायचं. काही दिवसांनी तिची खपली झाली, तोंड पुसताना खपली निघाली, थेंबभर रक्त आलं, परत खपली धरली. मामांनी खटला एका मिनिटात निकालात काढला. गुन्हेगार चष्मा. चष्म्याचं टेकण घासतंय, त्याने जखम झाली आहे. टेकण बदललं. जखम वरून सुकल्यासारखी झाली, मामा खूष. महिन्याभरात पुन्हा रक्त. मग चष्मा बदलला. पुन्हा तेच. दुसरा बदलला. जखम सुकायची, उघडायची, सुकायची, उघडायची. दर वेळी ती सुकली की मामा म्हणायचे बघ, बरी झाली, आणि दर वेळी ती उघडली की चष्म्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

मामी, म्हणजे त्यांची बायको, मागे लागली होती. डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा. रोज सकाळी एकदा आणि जेवताना एकदा. दुखत नाही त्याला डॉक्टर कशाला, असं मामांचं म्हणणं. दुखलं असतं तर धावत गेले असते. न दुखणाऱ्या गोष्टीला माणूस भीतच नाही, तिथेच तो फसतो.

शेवटी तिची कटकट बंद करायला मामांनी कामावरचं डोकं वापरलं. सिमेंटमध्ये कालवायचं एक पांढरं औषध असतं, कामावरची माणसं त्याला दूधच म्हणतात. ओलं असताना दुधासारखं, सुकलं की पारदर्शक रबर. पाण्याला जुमानत नाही. मामांनी एक दिवस कामावर जाता जाता बोटाच्या टोकावर थेंब घेतला आणि खपलीवर लावला. दहा मिनिटांत वर गुळगुळीत, चकचकीत साल तयार. घाम शिरत नाही, चष्मा घासत नाही, रक्त बाहेर येत नाही. संध्याकाळी मामीने बघितलं, अगबाई, भरली की, म्हणाली. मामा हो म्हणाले. त्यानंतर सव्वा वर्ष, आठ-दहा दिवसांनी एकदा, मामा गच्चीवर जाऊन जुनं साल काढायचे आणि नवीन थेंब लावायचे. खाली उतरताना बरी झालेली जखम घेऊन उतरायचे.

यातलं बिंग फोडलं चष्मेवाल्याने. मामा चौथा चष्मा करायला गेले होते. चष्मेवाला जुना, तोंडाने फटकळ, मामांच्याच तालमीतला. त्याने टेकण बसवायला चेहरा जवळ आणला, भिंग डोळ्याला लावलं आणि हात मागे घेतला. म्हणाला, "मामा, तुम्हाला चष्मा द्यायचा नाही. चष्म्याची जखम असती तर चष्मा काढल्यावर भरली असती. तुम्ही महिना चष्म्याशिवाय काढलात असं तुम्हीच सांगितलंत. हे दुसरं काहीतरी आहे. आज जा, उद्या नको." त्याने डॉक्टरीणबाईंचा पत्ता कागदावर लिहिला आणि तो कागद मामांच्या हातात दिला नाही. चष्मेवाला मामीच्या शेजारणीचा भाऊ, त्याने बहिणीला फोन करून मामीला बोलावून घेतलं आणि तिच्या हातात दिला.

म्हणून मामी त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत होती. नाहीतर मामा एकटेच आले असते, आणि घरी येऊन काहीतरी थाप मारली असती यात शंका नाही.

रबराची सगळी हकीकत मामांनी चार वाक्यांत सांगितली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, किती दिवस? सव्वा वर्ष, असं मामा म्हणाले. मामीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मामांनी तिला असं गप्प कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी ओल्या कापसाने उरलेलं साल हळूहळू सोडवलं. खाली जे होतं ते मामीने सव्वा वर्षानंतर पहिल्यांदाच बघितलं. डाळीच्या दाण्याएवढी नाही, बोटाच्या नखाएवढी जागा होती. मध्ये खड्डा, खड्ड्यात ओलसर खपली. भोवती उचललेली गोल कड, मण्यांची माळ घातल्यासारखी, काळपट आणि तरीही चकाकणारी. बाईंनी दिवा लावलेलं छोटं भिंग त्यावर टेकवलं, बराच वेळ बघितलं, आणि कागदावर चित्र काढून दोघांना समजावून सांगितलं. न भरणारी जखम, अशी चकाकणारी कड, त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि काळे ठिपके. हा त्वचेचा एक प्रकारचा कॅन्सर असू शकतो, त्याला बेसल सेल म्हणतात. असू शकतो म्हणतेय, नक्की तुकडा तपासल्यावर कळेल.

कॅन्सर हा शब्द मामांनी इतरांच्या घरात ऐकला होता. स्वतःच्या नाकापासून वीतभर अंतरावर कोणीतरी तो उच्चारतंय हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ते म्हणाले, "पण बाई, दुखत नाही हो." जणू काही बाईंना ही महत्त्वाची गोष्ट कळलेली नव्हती.

"बहुतेकांना दुखत नाही, काका. म्हणूनच उशीर होतो."

मग मामांनी दोन प्रश्न एकदम विचारले, चष्म्यामुळे झालं का आणि रबरामुळे झालं का. बाईंनी दोन्ही नाही म्हणून सांगितलं. चष्मा बिचारा निर्दोष. चाळीस वर्षांचं ऊन आणि गच्चीवरच्या पांढऱ्या रंगावरून परत तोंडावर येणारं ऊन, मुख्य कारण तेच. रबराने कॅन्सर केला नाही. रबराने फक्त तो लपवला. सव्वा वर्ष त्याला निवांत बसू दिलं. हा प्रकार सहसा अंगात दुसरीकडे पसरत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. पण जिथे बसतो तिथलं खात जातो, आणि हा बसलाय डोळ्याच्या दारात.

मामांना बधीर करणारं इंजेक्शन दिलं, तेवढ्याच जागेपुरतं. पेन्सिलच्या टोकाएवढ्या गोल पात्याने कडेचा एक तुकडा घेतला. तुकडा पाण्यासारख्या औषधाच्या बाटलीत गेला आणि बाटलीवर मामांचं खरं नाव चिकटवलं गेलं. ते पासबुकाबाहेर बऱ्याच वर्षांनी आलं होतं. एक टाका घातला. रिपोर्ट आठवड्याने.

घरी येताना मामी दोन पावलं पुढे चालत होती. घरात आल्यावर सरळ मागच्या पडवीत गेली, जिथे मामांचे हातोडे, छिन्न्या, दोऱ्या आणि डबे ठेवलेले असायचे. दुधाचा डबा उचलला, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि तो परत तसाच ठेवला. मामांना वाटलं होतं ती डबा फेकून देईल. तिने फेकला नाही, हे त्यांना जास्त झोंबलं.

मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "चाळीस वर्षं तोंड बघतेय तुमचं. आणि सव्वा वर्ष मला रबर बघायला लावलंत."

मामा पडवीत जाऊन छिन्न्या पुसत बसले.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. गच्चीवर पाणी तुंबवल्यावर मालक कसा दर तासाला खाली जाऊन छत बघतो आणि वर येऊन विचारतो, काय मामा, गळणार नाही ना, तसं त्यांचं झालं होतं. मामा अशा मालकांना हसायचे. म्हणायचे, अहो, पाण्याला घाई नसते, घाई तुम्हाला. आता तेच दर तासाला आरशासमोर उभे राहून डोळ्याच्या कोपऱ्यात बोट लावून बघत होते. मामी कामं करत होती. जेवण वाढत होती. लागेल तेवढंच बोलत होती, आणि त्या लागेल तेवढ्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. सरळ भांडली असती तर मामा निम्मे बरे झाले असते.

रिपोर्टमध्ये शक्यता खरी निघाली. बेसल सेल कार्सिनोमा. आणि पुढे अजून एक शब्द होता, ज्याचा अर्थ बाईंनी सांगितला. याच्या मुळ्या आत वाळवीसारख्या बारीक बारीक गेलेल्या आहेत. वरून दिसते त्यापेक्षा आत जास्त जागा असणार. मामांनी हे वाक्य ऐकलं आणि चमकून वर बघितलं. हे तर त्यांचंच वाक्य होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छतांबद्दल म्हटलेलं.

स्कॅन झाला. मग मोठ्या रुग्णालयात सर्जनसाहेबांनी फोटो दिव्यावर लावला आणि काही लपवलं नाही. हाड सुरक्षित दिसतंय. डोळ्याच्या गोळ्याशेजारी गेलंय की नाही हे फोटोत स्पष्ट कळत नाही, उघडल्यावरच कळेल. ऑपरेशनच्या वेळी रोगाचा भाग काढायचा, त्याची कड तिथेच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. कडेला रोग दिसला तर अजून काढायचं. कड स्वच्छ लागेपर्यंत. डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी बारीक नळी अगदी तिथेच असते, ती बहुधा जाईल. आणि रोग डोळ्याच्या खोबणीत शिरलेला सापडला तर, तर डोळ्याचाही विचार करावा लागेल. सर्जनसाहेबांनी हे वाक्य मामीकडे बघून म्हटलं, आणि मग मामांकडे बघून परत एकदा म्हटलं.

मामा म्हणाले, "साहेब, डोळा गेला तर मला भेग कशी दिसणार?"

"दुसरा आहे ना, काका."

"दुसऱ्याने पोट भरेल. पण उंचसखल कळतं ते दोन डोळ्यांनी. छिन्नी कुठे टेकवायची ते दोन डोळ्यांनी."

मामीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. रबराच्या दिवसापासून पहिल्यांदाच. आणि सर्जनसाहेबांना म्हणाली, टणक लागेपर्यंत काढा. कुठे हयगय करू नका. सर्जनसाहेबांना टणकचा अर्थ कळला नसेल, पण मामांना कळला. या बाईने चाळीस वर्षं त्यांचं बोलणं ऐकलं नाही असं ते समजत होते.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जनसाहेबांनी आधी निळ्या पेनाने खूण केली. मामांनी आरसा मागितला. नर्सने नको म्हटलं, मामांनी हट्ट धरला. नखाएवढ्या जखमेभोवतीचा निळा गोल पापणीच्या कडेपासून नाकाच्या उंचवट्यापर्यंत गेला होता, जवळजवळ अंगठ्याएवढा. मामा बघतच राहिले. गिऱ्हाइकांच्या गच्चीवर ते खडूने असाच गोल काढायचे, आणि गिऱ्हाईक असंच बघत राहायचं. एवढं फोडायचं, मामा? हो, एवढं. त्या वेळी मामांना गिऱ्हाइकाचा राग यायचा. आता त्या सगळ्यांची हात जोडून माफी मागावीशी वाटली.

जागा बधीर केली, वर थोडं झोपेचं औषध दिलं. पूर्ण झोप नव्हती. उजव्या डोळ्यावर कापड, डाव्यात दिव्याचा पांढरा प्रकाश. ओढल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं. मग सगळं थांबलं. तुकडा तपासायला गेला होता. बाहेर बाकावर मामी आणि आत टेबलावर मामा, दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होते. अर्धा तास झाला. कोणीतरी आत आलं आणि हळू आवाजात म्हणालं, नाकाकडची कड स्वच्छ नाही. आणि खालच्या पापणीकडची पण नाही.

मामांनी ते ऐकलं. गुंगीतसुद्धा त्यांना आवाज नीट ऐकू आला, बद्द. अजून पोकळ आहे.

पुन्हा ओढणं. पुन्हा थांबणं. दुसरा अर्धा तास पहिल्यापेक्षा मोठा होता. मामांनी मनात गच्च्या मोजल्या, मोजता मोजता चुकले, परत पहिल्यापासून सुरुवात केली. मग सर्जनसाहेबांचा आवाज आला, अगदी कानाशी. "काका, कडा स्वच्छ आहेत. डोळा सुरक्षित आहे. नळी मात्र वाचवता आली नाही."

मामा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले, "टणक लागलं?" सर्जनसाहेब या वेळी हसले. लागलं, म्हणाले. मग दोन्ही भुवयांच्या मधली कातडी खाली फिरवून त्यांनी तो खड्डा भरला, बारीक टाके घातले आणि वर पट्टी बांधली.

टाके आठवड्याने निघाले. कडांचा पक्का रिपोर्ट आला, तोही स्वच्छ. सर्जनसाहेबांनी सगळं परत सांगितलं. दर काही महिन्यांनी दाखवायचं, पुन्हा तिथे किंवा दुसरीकडे चेहऱ्यावर, कानावर, मानेवर येऊ शकतं. रुंद काठाची टोपी, क्रीम, दुपारचं ऊन टाळायचं. आणि डाव्या डोळ्यातून पाणी येत राहील. पाणी तयार होतं, उतरायची वाट राहिलेली नाही, म्हणून गालावर येतं. पुढे-मागे काचेची बारीक नळी बसवता येते, बघू. तोपर्यंत रुमाल ठेवा.

मामा कामावर जायला लागले, सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी. टोपी एवढी मोठी की एका गिऱ्हाइकाने विचारलं, मामा, टोपी घालून आलात की टोपी तुम्हाला घेऊन आली. डाव्या गालावरून पाणी ओघळायचं. लोक हळहळायचे, काय झालं मामा, घरी सगळं ठीक ना. मामा रुमालाने पुसून सांगायचे, साऱ्या गावाची गळती बंद केली, ही एक माझ्याच्याने होत नाही. लोक हसायचे. विनोद चांगला होता, मामांनी तो भरपूर वापरला.

घरी मात्र मामी अजून तशीच. रागावलेली, असं मामांनी धरून ठेवलं होतं. रोज सकाळी ती त्यांना खिडकीपाशी स्टुलावर बसवायची. मामांची कामाची बॅटरी, जी ते छताच्या कोपऱ्यातली ओल बघायला वापरायचे, ती आता तिच्या ताब्यात होती. कपाळापासून सुरुवात. मग टाक्यांची रेघ. मग गाल, कानाची पाळ, कानामागे, मान. एकेक इंच. बोटाने दाबून बघायची, कातडी ताणून बघायची. झालं की म्हणायची, "आज काही नाही." बॅटरी बंद. एवढाच संवाद. मामांना ती शिक्षा वाटायची आणि ते ती मुकाट्याने भोगायचे. लपवाछपवी केली, आता रोज झडती. बरोबर आहे.

सहा महिन्यांच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, आता काल डॉक्टरांनीच बघितलंय, आज कशाला? मामीने ऐकलं नाही. स्टुलावर बसवलं. बॅटरी लावली. कपाळ झालं, रेघ झाली, आणि रेघेवर तिचा हात थांबला.

"काय आहे?" ते म्हणाले.

"काही नाही."

"मग थांबलीस का?"

तिने बॅटरी बंद केली. "ते दूध सुकलं की चकाकतं," ती म्हणाली. "कातडी चकाकत नाही. मी रोज समोर बसून जेवायला वाढत होते. एकदा नीट वर मान करून बघितलं असतं ना, तर कळलं असतं मला. तुम्ही भरली म्हणालात आणि मला बरं वाटलं, म्हणून मी बघितलंच नाही. तुम्ही रबर एकट्याने नाही लावलंत."

सहा महिने मामा समजत होते की ही आपल्यावर रागावली आहे. रोजच्या त्या झडतीत शिक्षा त्यांची नव्हतीच. ती स्वतःलाच रोज आरोपी म्हणून उभं करत होती, आणि मामांना त्याचा पत्तासुद्धा नव्हता. भेग कपाशेजारी होती आणि हा माणूस गावभर हिंडत होता.

"अगं," ते म्हणाले.

मामीने सवयीने पदराचं टोक घेतलं आणि त्यांचा डावा गाल पुसला, जसा ती रोज पुसायची, न बघता. मग तिचा हात परत थांबला. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

"अहो," ती म्हणाली, "डाव्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय. उजव्याला काय झालं?"